गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास: गिझर बघावा की बोअर?

दिवाळीच्या आसपास थंडी पडली की मळ्यातल्या घरांत गिझर पुन्हा चालू होतो आणि पहिल्याच बादलीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. निफाड, दिंडोरीकडे याच दिवसांत ऑक्टोबर छाटणी झालेली असते आणि तेच बोअरचे पाणी ठिबकमधून बागेला जात असते. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे, हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू तो तयार करतात. आपला काळा बेसाल्ट खडक काही गंधकाचा नव्हे. त्यामुळे इथे संशय आधी घ्यावा तो साचलेल्या गाळावर, कुजलेल्या पाल्यावर किंवा जवळच्या शोषखड्ड्यावर.

औषध विकत आणण्याआधी दोन पेले घ्या. एकात गिझरचे पाणी, दुसऱ्यात थेट मोटरच्या पाइपातले. ते घराबाहेर, मोकळ्या हवेत हुंगा. घरात हुंगू नका, नाक या वासाला फार लवकर सरावते.

वास फक्त गरम पाण्याला असेल तर बोअर निर्दोष आहे. साठवणीच्या गिझरमध्ये आणि बऱ्याच सोलर टाक्यांमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. ती झिजताना जिवाणूंना पोषक वातावरण मिळते आणि पावसाळाभर बंद पडलेल्या कोमट टाकीत त्यांचे फावते. गिझरचे तापमान 60 ते 65 अंशांवर नेऊन काही तास ठेवा, मग प्रत्येक गरम नळ थोडा वेळ वाहू द्या. पाणी भाजणारे असते, तेव्हा मुलांना लांब ठेवा. नंतर वीज बंद करून, टाकी निवल्यावर तळातला गाळ काढून टाका. महिन्याभरात वास परतला तर मिस्त्रीकडून अॅल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवून घ्या. कांडी नुसती काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वास जाईल पण टाकी गंजेल.

दोन्ही पेल्यांना वास असेल तर काम बोअरचे. समजा बोअर सहा इंची आहे आणि पाण्याचा स्तंभ 60 मीटर. म्हणजे आत साधारण 1,000 लिटर पाणी झाले. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळावे म्हणून ताजी, 33 टक्क्यांची टीसीएल पावडर 150 ग्रॅम लागेल. गोणी उघडून बरेच दिवस झाले असतील तर 200 ग्रॅम घ्या, कारण उघड्यावर तिचा जोर उतरतो. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणीच बोअरमध्ये ओता. मोटर चालू करून पाइपाने तेच पाणी पुन्हा बोअरमध्ये सोडा. घरातले नळही उघडून क्लोरीनचा वास येऊ द्या, मग सगळे बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी पडीक जागेवर उपसा. ते बागेला, हौदात किंवा शौचालयाच्या टाकीत सोडू नका.

उघड्या विहिरीचे गणित वेगळे. सहा मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे 85 हजार लिटर. तिथे आधी उपसा आणि गाळ काढणे, मगच लिटरला 10 मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे साधारण अडीच किलो टीसीएल. कुबट वासाच्या विहिरीत मात्र कोणाला उतरवू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो, आणि प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. गाळ यंत्राने, वरूनच काढून घ्यावा.

ठिबकवाल्यांनी नळीचे टोक उघडून बघावे. पांढरट, लोळ्यासारखा बुळबुळीत थर दिसला तर तो गंधक खाणाऱ्या जिवाणूंचा, आणि ड्रिपर तोच बुजवतो. पाण्यात लोह असेल तर काळा गाळही बसतो. यावर पाणी टाकीत उंचावरून फवाऱ्याने पाडून, थोडे थांबू देऊन सँड फिल्टरमधून घ्यावे. पण आपले पाणी बहुधा अल्कधर्मी असते. सामू 8 असला तर या वायूचा दहावा हिस्साच उडण्याजोग्या रूपात असतो, म्हणून नुसत्या हवेने सगळा वास जाणार नाही. टाकीत क्लोरीन द्यावे लागेल. सल्फाइडचे गंधक करण्यापुरतेच एका मिलिग्रॅमला दोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक क्लोरीन लागते. क्लोरीन दिलेल्या दिवशी ठिबकमध्ये आम्ल सोडू नका, आणि आम्लाच्या दिवशी टीसीएल नको. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

क्लोरीन देऊनही पंधरा दिवसांत वास परतला तर पाणी पिण्यासाठी वापरू नका. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या सल्फाइडची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम एवढीच आहे. नमुना नेण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा, कारण सल्फाइडचा नमुना जागेवरच औषध घातलेल्या बाटलीत काठोकाठ भरावा लागतो. साध्या बाटलीतला वायू वाटेतच उडतो. सोबत जिवाणू तपासणीही सांगा. त्यात मैलापाणी निघाले तर दोष शोषखड्ड्याचा आहे, बोअरचा नाही.