भाऊसाहेबांच्या कार्डावर काय लिहावं

चि. मृणाल,



तू पाठवलेला मजकूर वाचला. ‘आपले उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे व निरामय जावो.’ अगं, ‘उर्वरित’ वाचून माणूस मनात वर्षं मोजायला लागतो. शिवाय ३१ मेला कार्यालयात निरोपसमारंभांची रांगच असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली ती सगळी पिढी त्याच दिवशी निवृत्त होते आणि तुझं वाक्य त्यातल्या कुणालाही चालेल. भाऊसाहेबांच्या जागी शेजारच्या टेबलावरच्या लेखापालांचं नाव घालून बघ. तरीही वाक्य बसलं, तर ते खोडायचं.

‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’ ही विशेषणं भाषणवाल्यांना राहू दे. तू त्यांनी केलेली एक गोष्ट सांग. तूच मागे म्हणाली होतीस, की रुजू झालीस त्या दिवशी त्यांनी तुझी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली. दहावीच्या प्रमाणपत्रावर मृणालिनी, आधारवर मृणाल. ‘आत्ता कुणी विचारणार नाही, पेन्शनच्या वेळी अडेल,’ म्हणाले आणि आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत रोज विचारत राहिले. हेच लिही की! आस्थापनेत इतरांची सेवापुस्तकं भरणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही. ते तुला दिसलं, एवढं त्यांना कळू दे.

मात्र कार्ड तिथेच कुणीतरी मोठ्यानं वाचणार आणि पुढच्या रांगेत त्यांचं घर बसलेलं असणार. म्हणून नियम वाकवून केलेली मदत, साहेबांशी झालेली खडाजंगी, ग्रॅच्युइटीवरचा विनोद, काही नको. ‘आता नातवंडांत रमा’ हेही नको. कुणाच्या घरात काय चाललंय, आपल्याला ठाऊक नसतं. दुसरं वाक्य सरळ भेटीवर आण. आरामखुर्ची देताय ना? मग असं काहीसं:

‘भाऊसाहेब, माझी पेन्शन अजून कितीतरी लांब आहे, पण तिची काळजी तुम्ही मी रुजू झाले त्याच दिवशी केलीत. या खुर्चीसमोर टेबल नाही, हे आम्ही मुद्दाम बघून घेतलं. बसलात, की पाठ टेका.’

नावाचा घोळ मी यात उलगडला नाही. त्यांना तो आठवेल, बाकीच्यांनी विचारलं तर ते स्वतःच रंगवून सांगतील.

खुर्ची सगळ्यांच्या वर्गणीची असेल, तर एक अडचण आहे: पहिलं वाक्य तुझ्या एकटीचं होतं. मग सगळ्यांच्या कार्डावर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट घ्या, आणि हे वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दे. मला विचारशील तर चिठ्ठीच बरी.

कार्ड गुळगुळीत कागदाचं असेल, तर जेल पेन आधी मागच्या बाजूला चालवून बघ. शाई पटकन वाळत नाही, हात लागला की फराटा उठतो. आणि खाली सही करू नकोस, नाव लिही. तुझी सही मलासुद्धा लागत नाही.

तुझी,
आत्या