सभेचा दिवस बदलल्याची सूचना

आपणच बोलाविलेली सभा पुढे ढकलावी लागली, तर सूचना कशी लिहावी? वादविवाद मंडळाच्या चिटणीसाने लिहावयाचा हा नमुना पाहा:

"शनिवार, ता. १२ जुलै रोजी दुपारी ३ वाजता ठरलेली सभा त्या दिवशी भरणार नाही. सभागृहाच्या छपराची दुरुस्ती चालू असल्यामुळे ती शनिवार, ता. १९ जुलै रोजी दुपारी ३ वाजता त्याच जागी भरेल. वक्त्यांनी आपले मुद्दे एका पानावर लिहून बुधवार, ता. १६ पर्यंत माझ्याकडे द्यावेत."

येथे जुना दिवस प्रथम रद्द केला आहे. नुसता नवा दिवस कळविला असता, तर सभा दोन आहेत असा कित्येकांचा समज झाला असता. 'पुढच्या शनिवारी' असे मोघम लिहिले की कोणी १२ धरतो, कोणी १९. वार आणि तारीख दोन्ही दिल्या म्हणजे एखादी लिहिताना चुकली तरी मेळ बसत नाही व चूक तत्काळ दिसते. कारणास एक वाक्य पुरे. लांबलचक सबबींनी संशय मात्र वाढतो. मुद्दे तीन दिवस आधी मागितले, ते अध्यक्षांस वक्त्यांचा क्रम लावता यावा म्हणून.

पहिली सूचना फलकावरून त्याच दिवशी काढून घ्यावी, आणि ती ज्यांस घरी पाठविली होती, त्या प्रत्येकास ही दुसरीही पाठवावी.