प्रीमियमचे पैसे नक्की कशासाठी भरायचे?

प्रश्न : पुण्यात सहा वर्षं अकाउंट्समध्ये काम केलं, आता नवीन नोकरी शोधते आहे. लिंक्डइन सारखं ‘प्रीमियम घ्या’ म्हणतं. घेतलं तर माझा अर्ज वर जातो का?

उत्तर : नाही, प्रीमियम घेतलं म्हणून अर्ज आपोआप वर जात नाही. ‘टॉप ॲप्लिकंट’ ही खूण जाहिरात आणि तुमचं प्रोफाइल किती जुळतं यावरून तुम्हाला दिसते, ती काही शिफारस नव्हे. किती जणांनी अर्ज केले या आकड्यानेही हबकू नका. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर भरायचा असेल, तर लिंक्डइनला फक्त ‘Apply’चं बटण दाबणारे कळतात. त्यातल्या किती जणांनी अर्ज पुरा केला, हे त्याला ठाऊक नसतं. जॉब अलर्ट आणि ‘ओपन टू वर्क’ तर फुकटच आहेत.

माझ्या मते पैसे द्यावेत असं एकच आहे, ते म्हणजे इनमेल. ओळख नसलेल्या माणसालाही यातून थेट निरोप धाडता येतो. प्रीमियम करिअरमध्ये महिन्याला असे पाच मिळतात. समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं, अगदी ‘नको’ म्हटलं तरी, तो इनमेल परत जमा होतो. त्यामुळे ‘काही जागा असेल तर कळवा’ असं मोघम लिहून तो वाया घालवू नका. एचआरपेक्षा, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या फायनान्स मॅनेजरला लिहा : ‘तुमच्या सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी काल अर्ज केला. जीएसटी रिटर्न आणि स्टॅट्युटरी ऑडिटचं काम मी सहा वर्षं सांभाळलं आहे. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का?’ एवढं पुरे.

लिहिण्याआधी त्या माणसाचं प्रोफाइल नीट बघा. काहींनी ‘ओपन प्रोफाइल’ ठेवलेलं असतं, त्यांना लिहायला इनमेल खर्च होत नाही. एखादी जुनी सहकारी त्या कंपनीत असेल, तर आधी तिला फोन करा. ओळखीच्या माणसाने पुढे केलेला बायोडेटा अनोळखी निरोपापेक्षा लवकर वाचला जातो.

‘प्रोफाइल कोणी पाहिलं’ ही यादी बघायला बरी वाटते. पण पाहणाऱ्याने नाव लपवलं असेल, तर पैसे भरूनही ते दिसत नाही. लिंक्डइन लर्निंगचे कोर्सही प्रीमियमसोबत मिळतात. एक्सेल किंवा पॉवर बीआय खरोखर शिकायचं असेल तरच ते हिशेबात धरा.

नव्या ग्राहकाला बहुधा पहिला महिना फुकट मिळतो, तो आज सुरू करू नका. आधी बायोडेटा पक्का करा, आठ-दहा कंपन्या आणि तिथली माणसं हेरून ठेवा, मग सुरू करा. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आधीच रद्द करा, नाहीतर कार्डावरून पैसे जातात. आयफोनच्या ॲपमधून घेतलं असेल, तर ॲपलच्या सेटिंग्जमधूनच रद्द करावं लागतं. त्या महिन्यात इनमेलला एकही उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या महिन्याचे पैसे भरू नका. आधी निरोप आणि माणसं बदला.