चार ओळींच्या बिलाला जागा का पुरेना?

प्रश्न : आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात परवा डिस्क भरल्यामुळे बिलिंग बंद पडलं. जुनी बिलं दिसत होती, पण नवं एकही होईना. चार ओळींच्या बिलाला अशी जागा लागते तरी किती?

उत्तर : बिलाला फारच थोडी. पण कॉम्प्युटर बिल एकदम पक्क्या खात्यात चढवत नाही. ‘साखर दोन किलो कमी, गल्ल्यात पैसे जमा’ असं टिपण तो आधी एका वेगळ्या नोंदफायलीत करतो. मध्येच वीज गेली, तर त्या टिपणावरून व्यवहार पुरा करता येतो किंवा सगळाच रद्द करता येतो. टिपणाला जागा नसेल, तर तो पक्क्या खात्याला हात लावत नाही. नाहीतर साखर कमी झालेली आणि पैसे जमा नाहीत, असं अर्धवट बिल राहिलं असतं. जुनं बिल नुसतं वाचायचं असतं, म्हणून ते दिसतं.

माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचंही ऐन दिवाळीच्या गर्दीत असंच झालं. त्याने भाच्याचे सिनेमे डिलीट केले, तरी जागा होईना, कारण ते रिसायकल बिनमध्ये जाऊन पडले होते. तेही रिकामं केल्यावर 2 जीबी जागा झाली आणि बिलं सुरू झाली. दहाव्या रात्री पुन्हा तेच.

बरोबर दहाच दिवस का? फोल्डर आकाराप्रमाणे लावून पाहिल्यावर उलगडा झाला. दुकान बंद करताना सॉफ्टवेअर रोज सगळ्या हिशेबाचा बॅकअप घेत होतं, सुमारे 200 एमबीचा. म्हणजे पाच रात्रींत 1 जीबी. त्याची 120 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 111 जीबी दिसते. विंडोज आणि बाकीचं सामान 41 जीबी. उरलेल्या 70 जीबीत 350 बॅकअप मावले आणि वर्षभरात जागा संपली. जुना बॅकअप काढून टाकायला मात्र सॉफ्टवेअरला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटच्या रात्रीची फाइल तर 60 एमबीचीच निघाली. तेवढीच जागा उरली होती, त्यामुळे तो बॅकअप अर्धवट आणि निरुपयोगी. आदल्या दिवसापेक्षा बॅकअप एकाएकी लहान दिसला, की डिस्क पाहावी.

त्याने आधी पूर्ण बॅकअपांच्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, एक उघडून तपासली आणि मग दुकानातल्या डिस्कवर शेवटचे सात पूर्ण बॅकअप ठेवून बाकीचे काढले. नोंदफाइलही बरीच मोठी दिसत होती, पण तिला हात लावला नाही. ती उडवली असती, तर पक्कं खातंच उघडेनासं झालं असतं. अडलेलं बिल रद्द झालं होतं, ते कच्च्या पावतीवरून पुन्हा चढवलं.

तसंही, त्याच डिस्कवरचे ते 350 बॅकअप डिस्क बिघडली असती तर तिच्याबरोबरच गेले असते.