आजीसाठी तेरा शब्द

पत्रलेखनाचा अभ्यास आपण शाळेपासून करीत आलो आहोत. मायना कसा असावा, समारोप कसा करावा, थोरांना कोणते विशेषण लावावे, हे सारे आपल्याला पाठ असते. परंतु या शिक्षणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, पत्र ज्याच्या हाती पडेल त्याला ते सहज वाचता येईल. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे गृहीत खरे नसते. आमच्या घरची वडीलधारी माणसे निरक्षर तरी असतात, नाहीतर उतारवयात अक्षर शिकलेली असतात. अशा माणसाला निरोपाचा मजकूर लिहायचा झाला तर तो कसा असावा, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणावरून येथे केला आहे.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढील वर्षांत गावोगावी संध्याकाळचे वर्ग भरू लागले. माझी आजी अशाच एका वर्गात अक्षर ओळखू लागली. आज ती सुटी अक्षरे, काना, मात्रा, वेलांटी आणि उकार वाचते. जोडाक्षर आले की मात्र थांबते. त्यापूर्वी घरी आलेले पत्र शेजारचा एखादा शाळकरी मुलगा वाचून दाखवी. म्हणजे मुलाने आईला लिहिलेले चार शब्दही आधी परक्याच्या तोंडून निघत आणि सगळ्या ओसरीला ऐकू जात. म्हणूनच तिला स्वतःला वाचता येईल असा मजकूर लिहिणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. वाचताना ती अडली तर फोन दुसऱ्याच्या हाती जातो आणि निरोप तिचा एकटीचा राहत नाही.

माझा चुलतभाऊ दोन वर्षांच्या करारावर दुबईला कामाला निघाला. विमान मुंबईहून संध्याकाळी सहाचे. आजीजवळ बटनांचा साधा फोन आहे. त्यावर पाठविण्यासाठी त्याने हा मजकूर तयार करून मला दाखविला :

‘तीर्थस्वरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने माझे उड्डाण संध्याकाळी सहा वाजता आहे. प्रकृतीची काळजी घ्यावी. पुन्हा भेट होईल न होईल, चूकभूल माफ करावी.’

भाव खरा आहे, भाषाही शुद्ध आहे. परंतु आजीच्या बाजूने पाहिले तर यात अडचणी तीन.

पहिली अडचण वाचनाची. या चार वाक्यांत अकरा जोडाक्षरे आहेत आणि त्यांतली चार पहिल्याच वाक्यात आहेत. नवसाक्षर माणूस एकेक अक्षर उच्चारतो, ते मनात धरून ठेवतो आणि मग शब्द जुळवतो. ‘शिरसाष्टांग’च्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात हातची निसटते. मात्र सगळी जोडाक्षरे सारखी अवघड नसतात. ‘विठ्ठल’ हा शब्द आजी चटकन वाचते, कारण त्याचे चित्रच तिच्या ओळखीचे आहे. उलट, शब्द तोंडात कधी न आलेला असेल तर सोपी अक्षरेही उपयोगी पडत नाहीत. ‘विमान’ हा शब्द ती पहिल्या दोन अक्षरांवरून ओळखते, कारण तो तिने हजारदा ऐकला आहे. ‘उड्डाण’ मात्र वाचून झाल्यावरही कळत नाही. म्हणून शब्द निवडताना तो तिच्या बोलण्यातला आहे का, हे आधी पाहावे आणि मग त्याची अक्षरे पाहावीत.

दुसरी अडचण नात्याची. आपण आजीला ‘तू’ म्हणतो. ‘आपल्या’, ‘घ्यावी’, ‘करावी’ ही भाषा तिच्या फोनवर फक्त बँकेच्या आणि रिचार्जच्या संदेशांत येते आणि असे संदेश ती न वाचता बाजूला सारते. नातवाचा निरोप त्याच ढिगात जाण्याचा धोका असतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ‘भेट होईल न होईल’ आणि ‘चूकभूल माफ’ हे शब्द आपल्याकडे अखेरच्या निरोपाचे समजले जातात. शिवाय जुन्या पिढीच्या मनात अचानक आलेला थोडका मजकूर म्हणजे वाईट बातमी, हे तारेच्या काळापासून बसले आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु ती धास्ती गेली नाही. त्यामुळे मजकूर जितका लहान, तितके ‘मी बरा आहे’ हे शब्द त्यात अधिक आवश्यक.

फोनचीही एक मर्यादा आहे. साध्या संदेशात इंग्रजी लिपीची १६० चिन्हे मावतात, पण देवनागरीची केवळ ७०. त्यात काना, वेलांटी, हलन्ताचे चिन्ह, विराम आणि मोकळी जागा ही प्रत्येकी एक धरली जाते. त्यामुळे ‘स्क’ या एका जोडाक्षराला तीन जागा लागतात. सत्तरच्या पुढे गेलेला मजकूर तुकड्यांनी जातो आणि काही जुन्या फोनवर ते तुकडे वेगवेगळे दिसतात. म्हातारे माणूस मग शेवटचा तुकडा आधी वाचते.

हे सर्व ध्यानात घेऊन आम्ही दोघांनी पुढील मजकूर ठरविला :

आजी, मी बाळू.
आता विमानात बसतो.
मी बरा आहे.
रविवारी फोन करीन.
येतो.

शब्द तेरा, चिन्हे सदुसष्ट, जोडाक्षर एकही नाही. प्रारंभी ‘मी बाळू’ आहे, कारण पाठविणारा कोण हे कळल्याशिवाय पुढचे वाचण्यात तिचे मन लागणार नाही. नावही कागदोपत्रीचे नसून तिने हाक मारायचे आहे. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर आहे, कारण बारीक पूर्णविराम तिच्या नजरेला दिसत नाही, ओळ संपलेली दिसते. ‘आता’ हा शब्द मात्र वेळेवर अवलंबून आहे. आजी आठला निजते आणि विमान सहाचे होते, म्हणून तो चालला. मध्यरात्रीचे विमान असते तर तो वगळून संदेश आदल्या संध्याकाळीच पाठवावा लागला असता.

परतण्याच्या तारखेविषयी आमच्यात वाद झाला. ‘गणपतीला येईन’ असे घालावे, म्हणजे आजीला बरे वाटेल, असे चुलतभावाचे म्हणणे होते. करार दोन वर्षांचा असल्याने ते खरे नव्हते. आजी मजकूर पुसत नाही, पुन्हा पुन्हा वाचते. गणपती येऊन गेल्यावरही ती ओळ तिच्यासमोर राहिली असती. म्हणून जे पाळता येईल तेवढेच, म्हणजे रविवारचा फोन, लिहिला.

शेवटचा शब्द ‘येतो’. उंबऱ्यावर आपण ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हटले की निघणे कळते आणि परतण्याची इच्छाही कळते, परंतु तारखेचे खोटे वचन दिले जात नाही. आजीचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. दोन वर्षांनी काय असेल हे तिला आणि त्याला, दोघांनाही ठाऊक होते. जे लिहिता येत नव्हते ते या एका शब्दाने सांभाळले.

असा मजकूर पाठविण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. एक, तो आधी तशाच फोनवर पाठवून पाहावा. काही फोनांत देवनागरीऐवजी नुसते चौकोन उमटतात. दुसरी, तो एकदा मोठ्याने म्हणून पाहावा आणि आपण दारात उभे राहून आजीला असेच बोललो असतो का, हे स्वतःला विचारावे. जो शब्द दारात बोलला नसता, तो काढून टाकावा.