आभारप्रदर्शन : तीन मिनिटांचं काम

सेमिनारच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली एक ओळ असते : 'आभारप्रदर्शन'. तिच्यापुढचं नाव बहुधा आदल्या रात्री मेसमध्ये ठरतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, 'ऋणनिर्देश' हा शब्द मी इथे येऊन पहिल्यांदा ऐकला; तरी गेल्या दोन वर्षांत हे काम चारदा माझ्याकडे आलं. त्यातून जो आराखडा तयार झाला तो इथे देते आहे.

आधी वेळेचं गणित. आभार म्हणजे तीन मिनिटं. सभागृहात सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे आपल्या हातात तीनशे शब्द. सुरुवात आणि शेवट यांना साठ गेले. एका माणसाला वीस शब्द दिले, तर बारा जण बसतात. बाकीच्यांचे गट करायचे. हे गणित आधी केलं नाही, की चाळीस नावांची यादी होते आणि मागच्या रांगा बॅगा भरायला लागतात.

आता नावं कुठून आणायची? आठवून नको, कारण आठवणीत फक्त व्यासपीठावरचे लोक येतात. आदल्या दिवशी कागद घेऊन सेमिनारचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात चालून जायचा. हॉलचं कुलूप कोण उघडणार? खुर्च्या कोणी लावल्या? माइक आणि प्रोजेक्टर कोणाकडे? पाहुण्यांना स्टँडवरून कोण आणणार? नोंदणी, चहा, प्रमाणपत्रं? प्रत्येक प्रश्नापुढे एक नाव येतं. मग ती यादी समन्वयक सरांना दाखवायची. नाव, पद, आणि 'डॉक्टर' की 'प्राध्यापक' हे त्या माणसाकडूनच किंवा ऑफिसमधून तपासून घ्यायचं. शिपाई मामांना आपण रोज 'मामा' म्हणतो, पण माइकवरून त्यांचं पूर्ण नाव घ्यायचं. ते विचारून घ्यावं लागतं, कारण तीन वर्षं झाली तरी बहुतेकांना ते माहीत नसतं.

क्रम सोपा आहे. बाहेरून आलेले वक्ते पहिले. मग अध्यक्ष, प्राचार्य आणि विभागप्रमुख. मग समन्वयक आणि शिक्षक, त्यानंतर मदत देणारी संस्था असेल तर ती. पुढे कर्मचारी, मग विद्यार्थी स्वयंसेवक आणि शेवटी श्रोते. आपल्याकडे यानंतर बऱ्याचदा राष्ट्रगीत असतं, म्हणून शेवटचं वाक्य तिकडे नेणारं हवं.

खरी मेख वाक्यात आहे. 'अमूल्य मार्गदर्शन', 'मोलाचं सहकार्य', 'वेळात वेळ काढून' हे शब्द कोणालाही चिकटवता येतात, म्हणून ते कोणाचेच होत नाहीत. त्याऐवजी आधी काम सांगा, मग त्यामुळे काय झालं ते, आणि शेवटी नाव. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नाव आधी घेऊन लांबलचक वर्णन केलं तर 'आभार मानते' येईपर्यंत ऐकणारा दमतो. नाव शेवटाजवळ आलं की लोकांना माणूस लक्षात राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, स्थापत्य विभागाचं भूकंपरोधक बांधकामावर एक दिवसाचं चर्चासत्र आहे. वक्त्यांच्या वाक्यातली अर्धी जागा आदल्या दिवशी रिकामीच ठेवायची आणि भाषण ऐकताना त्यातला एकच मुद्दा तिथे लिहायचा. पूर्ण मसुदा असा होईल. जिथे रेघ आहे तिथे नाव.

"अध्यक्षांच्या परवानगीने मी आभार मानते. भिंत जाड असली म्हणजे घर सुरक्षित, असं आम्हाला वाटायचं. १९९३ मध्ये किल्लारीला मातीच्या गाऱ्यातल्या जाड दगडी भिंती का कोसळल्या, हे आज चित्रांसह समजलं, त्याबद्दल डॉ. —— यांचे आभार. या चर्चासत्रासाठी तासिका बदलून सभागृह दिवसभर मोकळं करून दिलं ते प्राचार्य डॉ. —— यांनी, आणि विषय सुचवला तो विभागप्रमुख प्रा. —— यांनी. दोघांचे आभार. महिनाभर पत्रव्यवहार सांभाळणारे समन्वयक प्रा. —— यांचे आभार. कंपनाचं यंत्र प्रयोगशाळेतून उचलून इथे आणून चालू केलं, म्हणून ते आपल्याला डोळ्यांनी बघता आलं. त्याबद्दल प्रयोगशाळा सहायक श्री. —— यांचे आभार. सकाळी सहाला हॉल उघडून दीडशे खुर्च्या लावणारे श्री. ——, आणि दोन वेळचा चहा वेळेवर देणाऱ्या श्रीमती ——, यांचे आभार. नोंदणी आणि प्रमाणपत्रं सांभाळणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांचे आभार. शेवटच्या तासापर्यंत थांबून प्रश्न विचारणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं, ही विनंती."

बघा, माणसांना स्तुतीचं एकही विशेषण लावलेलं नाही, तरी कोणाचा मान कमी झालेला नाही. प्रयोगशाळा सहायकांचं वाक्य प्राचार्यांच्या वाक्याएवढंच लांब आहे. क्रम पदाप्रमाणे असला, तरी लांबी कामाप्रमाणे ठेवता येते. एरवी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला 'ज्ञात-अज्ञात हात' एवढेच दोन शब्द येतात आणि तो 'अज्ञात हात' मागच्या दाराशी कुलूप घेऊन उभा असतो. सगळ्या हॉलला त्याचं नाव ऐकू जाण्याची वर्षातली ही बहुधा एकच वेळ.

बिघडतं कुठे, तेही सांगते. एक : आभार मानणारा भाषणाचा सारांश सांगायला लागतो. वक्ते समोर बसलेले असताना त्यांचा विषय पुन्हा समजावणं बरं दिसत नाही. एक मुद्दा, एक वाक्य, बास. दोन : 'आभार मानून परकं करायचं नाही, ऋणातच राहायला आवडेल' हे वाक्य. पहिल्यांदा ऐकताना छान वाटतं, पण ते वापरलं की त्या माणसाचं काम सांगायचं राहूनच जातं. तीन : प्रत्येक नावानंतर टाळ्या. बारा वेळा टाळ्या म्हणजे एक मिनिट गेलं आणि शेवटच्या नावांना उरतात चार हात. सुरुवातीलाच सांगा की टाळ्या शेवटी एकदम वाजवू. चार : काही चुकलं असेल त्याची माफी. वीज गेली, चहा थंड होता, हे सगळ्यांना माहीत असतं. माइकवरून त्याची आठवण करून द्यायची गरज नाही.

आणि यादीत नसलेलं एखादं नाव ऐन वेळी चिठ्ठीवर आलं तर? ते लगेच मध्ये घुसवू नका. ज्या गटातलं असेल त्या गटाच्या शेवटी घ्या, म्हणजे ते जोडल्यासारखं वाटत नाही. यासाठी कागदावर प्रत्येक गटाखाली एक ओळ कोरी सोडून ठेवायची.

कार्यक्रम संपला की तो कागद फेकू नका. विभागाच्या फाइलमध्ये लावा. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आभारपत्र लिहायचं असतं, तेव्हा तेच वाक्य कामाला येतं. पुढच्या वर्षी सेमिनार घेणाऱ्यांनाही प्रोजेक्टर कोणाकडे मागायचा आणि किल्ली कोणाकडे असते, हे त्याच कागदावरून कळतं.