केबलवर ‘जेन २’ लिहिलंय, म्हणजे नेमका वेग किती?

बदलापूर पूर्वेला खरवईच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही टाइप-सी केबल घ्यायची झाली, तर ती दीडशे रुपयांतही मिळते आणि पंधराशे रुपयांतही. दोन्हींची टोकं हुबेहूब सारखी, दोन्हींनी फोन चार्ज होतो. पाकिटांवर मात्र यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन २, सुपरस्पीड, १०० वॅट, फास्ट डेटा अशी लेबलं असतात, आणि त्यांतलं कुठलं लेबल किती पैशांचं आहे हे काउंटरपलीकडच्या माणसालाही बहुधा ठाऊक नसतं. ‘थ्री पॉइंट टू आहे, एकदम फास्ट’ एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर खोटं नसतं, पण त्यावर पैसे मोजण्यासारखंही नसतं.

हा गोंधळ दुकानदारानं केलेला नाही. यूएसबीचं मानक ठरवणाऱ्या संस्थेनंच तो घातला आहे. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं. त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे ५ जीबीपीएस. २०१३ मध्ये १० जीबीपीएसचं यूएसबी ३.१ आलं, तेव्हा जुन्या ३.० ला ‘३.१ जेन १’ असं नाव दिलं आणि नव्या वेगाला ‘३.१ जेन २’. २०१७ मध्ये ३.२ आलं आणि नावं पुन्हा बदलली. तोच जुना ५ जीबीपीएस आता ‘३.२ जेन १’ झाला, १० चा ‘३.२ जेन २’ आणि नवा २० चा ‘३.२ जेन २ बाय २’. थोडक्यात, ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच वेगाची तीन नावं आहेत. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘यूएसबी ३.२’ लिहिलं असेल, तर आतला वेग ५ असू शकतो, १० असू शकतो किंवा २०. बनवणाऱ्यानं ५ ची केबल ३.२ म्हणून विकली, तरी तो नियमातच राहतो. पुढे यूएसबी ४ आलं. त्यातही २० आणि ४० असे दोन वेग आहेत, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ८० चा तिसरा. अखेर त्याच वर्षी संस्थेनं कंपन्यांना सांगितलं की ग्राहकासमोर आवृत्ती आणि जेन मांडू नका, थेट ‘१० जीबीपीएस’, ‘४० जीबीपीएस’ असा आकडा छापा. केबलवर त्याच्या शेजारी ६० किंवा २४० वॅट हेही छापा. चांगल्या कंपन्या आता तसं करतात. बाजारातला बाकीचा माल अजून जुन्याच नावांवर चालतो.

म्हणून दुकानात जेन विचारूच नका. विचारायचं ते असं: ‘दादा, डेटासाठी किती जीबीपीएस, आणि चार्जिंगसाठी किती वॅट?’ या दोन आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते हे न कळल्यामुळे. शंभर किंवा २४० वॅटची जाड, विणलेल्या दोऱ्याच्या वेष्टनाची केबल भक्कम वाटते, लॅपटॉपही चार्ज करते, पण डेटाला ती बहुतेक वेळा २००० सालच्या यूएसबी २.० च्याच वेगानं चालते. अॅपलची २४० वॅटची चार्ज केबलही डेटाला यूएसबी २ च आहे. आयफोन १५ प्रोचा सॉकेट १० जीबीपीएसचा असला, तरी त्याच्या डब्यातली केबल यूएसबी २ ची होती.

पाकिटावर ‘४८० एमबीपीएस’ दिसलं की थांबा. अनेक चार्जिंग केबलवर हा आकडा मोठ्या अभिमानानं छापलेला असतो आणि वाचायला तो ५ पेक्षा कितीतरी मोठा वाटतो. प्रत्यक्षात तोच यूएसबी २.० चा वेग आहे. ५ जीबीपीएस म्हणजे ५००० एमबीपीएस. शिवाय हे आकडे बिटमध्ये असतात आणि संगणक फाइल मोजतो ती बाइटमध्ये. ४८० वाल्या केबलमधून फाइल कॉपी होते ती सेकंदाला फार तर ४० एमबीच्या आसपास. ५ जीबीपीएसच्या केबलमधून चांगल्या एसएसडीवर ४०० एमबी किंवा थोडं जास्त मिळतं, आणि १० जीबीपीएसमधून ९०० ते १०००.

याचा हिशेब एका उदाहरणावर मांडू. समजा खरवईत लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा छोटा स्टुडिओ आहे. एका लग्नाचं १२० जीबी फुटेज लॅपटॉपवरून पोर्टेबल एसएसडीवर टाकून गिऱ्हाइकाला द्यायचं आहे. एसएसडीच्या डब्यातली आखूड केबल हरवली, म्हणून फोनच्या चार्जरची केबल लावली. सेकंदाला ४० एमबीनं १२० जीबी जायला ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं लागतात. तिथं ५ जीबीपीएसची केबल आली तर ४०० एमबीनं ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. आणि १० ची केबल घेतली, लॅपटॉपचा सॉकेट आणि एसएसडी दोन्ही १० चे असले, तर साधारण सव्वादोन मिनिटं. पहिल्या पायरीवर ४५ मिनिटं वाचली, दुसरीवर पावणेतीन. माझ्या मते खर्च करायचा तो पहिल्या पायरीवर, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. एसएसडीऐवजी फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिचाच वेग शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपास अडतो. तिला ५ ची केबल पुरून उरते. १० ची लावली तरी एक मिनिटही वाचत नाही.

आता दाम. आकडे अंदाजे धरा. ब्रँड, लांबी आणि सवलतीप्रमाणे ते खालीवर होतात. फक्त चार्जिंग आणि ४८० च्या डेटासाठी ६० वॅटची एक मीटरची केबल दीडशे ते चारशे रुपयांत मिळते. लॅपटॉप चार्ज करायला १०० किंवा २४० वॅटची हवी असेल तर तीनशे ते आठशे. १० जीबीपीएसची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल पाचशे ते बाराशेच्या घरात येते. ५ ची वेगळी शोधण्यात अर्थ नाही, कारण चांगल्या ब्रँडमध्ये दोहोंच्या भावात फारसा फरक नसतो. ४० जीबीपीएसची केबल दीड हजारापासून तीन-चार हजारांपर्यंत जाते. बाहेरचा ग्राफिक्सचा डबा, थंडरबोल्टचा डॉक किंवा ४० चीच एसएसडी नसेल, तर ती घेऊ नका. २० च्या ‘जेन २ बाय २’ पासूनही जपून राहा. हा वेग दोन्ही बाजूंच्या उपकरणांना जमला तरच मिळतो आणि बऱ्याच लॅपटॉपना तो जमत नाही. मग २० ची एसएसडी मुकाट्यानं १० वर चालते.

लांबीलाही किंमत आहे. आत चिप न बसवलेली साधी केबल १० जीबीपीएसला सुमारे एक मीटर, ५ ला दोन मीटर आणि ४० ला जेमतेम ८० सेंटिमीटरपर्यंत भरवशाची असते. ‘दोन मीटर, ४० जीबीपीएस, पाचशे रुपये’ असं कुणी विकत असेल, तर त्या तीन गोष्टींतली एक तरी खोटी आहे. वेगवान तारांना आवरण लागतं, म्हणून डेटाची केबल जाड आणि ताठ असते. पातळ, लांब आणि मऊ केबल चार्जिंगचीच असणार.

घरातल्या जुन्या केबल ओळखायला टॉर्च पुरतो. चपट्या चौकोनी, म्हणजे टाइप-ए टोकात पाहा. पुढे चार रुंद पट्ट्या असतात. त्यांच्या मागे, आत आणखी पाच दिसल्या तर ते टोक ३.० च्या घराण्यातलं आहे. चारच असल्या तर ४८०. निळ्या प्लॅस्टिकवर विसंबू नका, रंग सक्तीचा नाही. जुन्या हार्ड डिस्कचा सॉकेट दोन खणांचा, रुंद असतो. त्याच्या एका खणात फोनची जुनी मायक्रो केबल बसते आणि डिस्क सुरूही होते, पण ४८० वर. त्या रुंद टोकाची केबल दीडशे ते साडेतीनशे रुपयांत मिळते. टाइप-सीच्या टोकात पाहणं अवघड आहे. पट्ट्यांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा दिसल्या तर केबल नक्की हळू आहे. पट्ट्या भरलेल्या दिसल्या तरी त्यांच्यामागे तारा असतीलच असं नाही.

खरी खात्री चालवूनच होते. दहा-पंधरा जीबीची एकच मोठी व्हिडिओ फाइल एसएसडीवर कॉपी करा आणि सुरुवातीचे आकडे सोडून काही सेकंदांनंतरचा वेग बघा. चाळीसच्या आसपास अडकला तर केबल किंवा सॉकेट ४८० चा आहे. मग एसएसडी आणि सॉकेट तेच ठेवून डब्यासोबत आलेली मूळ केबल लावा. वेग उडी मारून वर गेला तर दोष केबलचाच. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलची आणखी एक परीक्षा आहे. तिनं लॅपटॉपचं चित्र मॉनिटरवर आलं तर तिच्यात वेगवान तारा आहेत, कारण चित्र त्याच तारांतून जातं. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एवढंच टाइप करा:

```
lsusb -t
```

तुमच्या डिस्कच्या ओळीच्या शेवटी `480M`, `5000M` किंवा `10000M` दिसेल. मॅकवर सिस्टिमच्या माहितीत यूएसबीखाली हाच वेग मिळतो. लक्षात घ्या की हा आकडा केबलचा नव्हे, जुळलेल्या जोडीचा असतो. सॉकेट ५ चा असेल तर ४० ची केबलही ५ च दाखवणार.

कधी चांगली केबलही ४८० वर येते. टाइप-सी टोक उलटं करून घातल्यावर वेग वाढला, तर एका बाजूची पट्टी खराब आहे किंवा सॉकेटमध्ये धूळ बसली आहे, कारण प्रत्येक बाजू वेगळी तारजोडी वापरते. टाइप-ए टोक अगदी सावकाश आत सरकवलं तर पुढच्या चार पट्ट्या आधी लागतात, संगणक त्याला यूएसबी २ समजून बसतो आणि तसाच चालत राहतो. काढून एका झटक्यात पूर्ण घाला. नवी केबल घेण्याआधी या दोन गोष्टी करून पाहा, त्यांना पैसे लागत नाहीत.

खरेदी बदलापुरात करा, उल्हासनगरला जाऊन करा, नाही तर लोकलनं दादर गाठून पुढे लॅमिंग्टन रोडवर. बिलावर ‘केबल’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘टाइप-सी, १ मीटर, डेटा १० जीबीपीएस, १०० वॅट’ असं लिहायला सांगा. पाकिटावर आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते नसेल तर केबल परत ठेवा. चाचणी त्याच दिवशी करा, कारण बहुतेक दुकानं आणि संकेतस्थळं माल बदलून देण्यासाठी थोडेच दिवस देतात. वेग निघाला नाही तर कॉपी करतानाचा स्क्रीनशॉट आणि ते बिल घेऊन दुकानात जा. दुकानदारानं हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं तक्रार नोंदवताना बिलावर लिहून घेतलेला तो जीबीपीएसचा आकडाच तुमच्या उपयोगी पडेल.